आधी जुन्या नंबरावर

थेडा उपहोफचं सगळं आयुष्य शंका घेण्यात गेलं, आणि त्याबद्दल तिला दर महिन्याला पगार मिळत असे. लेअर गावच्या बंदराजवळ, चहाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिल्ह्याच्या बिझनेस डिरेक्टरीची कचेरी होती. कुणाचं दुकान कुठे, कुणाचा फोन कोणता, शनिवारी उघडं की बंद, हे सगळं तिथे नोंदलेलं. थेडा नोकरीला लागली तेव्हा डिरेक्टरी म्हणजे उशाला घेता येईल असं जाड पुस्तक होतं. पुढे पुस्तक दरवर्षी बारीक होत गेलं आणि वेबसाइट फुगत गेली. पुस्तकात नंबर बदलायचा तर माणसाला जिना चढून यावं लागे, निदान सहीचं पत्र तरी पाठवावं लागे. वेबसाइटवर मात्र ‘बदल सुचवा’ असं बटण आलं, आणि ते कुणीही, कुठूनही दाबावं. सुचवणारा मालकच असला पाहिजे असं काही नाही. तो शेजारी असेल, गिऱ्हाईक असेल, नाहीतर देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला चोर असेल. त्यातला खरा कोण हे ठरवणं थेडाचं काम.

समोरच्या टेबलावर सिल्के टाम्मेना बसे. वयाने थेडाहून पुष्कळ लहान, पण जिभेने दुप्पट.

“थेडा, लग्नात तू नवऱ्याकडे ओळखपत्र मागितलं होतंस का गं?”

“मागितलं असतं. पण घोरतो हे त्यावर लिहिलेलं नसतं.”

नवरा रेमर, समुद्र अडवणाऱ्या बांधांच्या देखभालीच्या ऑफिसात कारकून होता. भला माणूस. तो जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्याच्या घोरण्याची आठवण काढली की थेडाच्या आवाजात कणभर माया यायची. त्याहून जास्त कधी आली नाही, हे तिला स्वतःला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटे.

कचेरीत एक नियम होता आणि तो थेडानेच घालून दिलेला होता. नंबर बदलल्याची सूचना आली की आधी जुन्या नंबरावर फोन करायचा. जुना नंबर बंद लागला तर जुन्या पत्त्यावर टपालाने पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. नुसता नव्या नंबरावर फोन करून खात्री झाली असं कधीही मानायचं नाही. नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला ती खुर्चीत बसवून सांगायची, “नवा नंबर चोराचा असेल, तर तो उचलणार कोण? चोरच. त्याला तुम्ही विचारणार, तुम्हीच मालक ना? तो काय नाही म्हणणार आहे?”

आणि हे लोक कोणते धंदे गाठतात, तेही सांगायची. ज्याची गरज घाईत लागते ते. कुलूप अडकलं, वीज गेली, मोरी तुंबली. घाबरलेला माणूस फोनवर पहिलं नाव दिसेल ते दाबतो. चोराला दुकान नको, हत्यारं नकोत. कुणा जुन्याजाणत्या कारागिराचं नाव तसंच ठेवायचं, पत्ता तसाच ठेवायचा, फक्त नंबर आपला घालायचा. चांगलं नाव त्या बिचाऱ्याचं, गिऱ्हाईक याचं.

हे सगळं ज्या बाईला येत होतं, तिनेच एकदा माती खाल्ली. ती का खाल्ली हे कळायचं तर हाब्बो आयलर्सबद्दल सांगायला हवं.

हाब्बो दिट्झुमचा. एम्स नदी जिथे समुद्राला भेटते तिथलं, बांधाआड दडलेलं छोटं गाव. ऐन तारुण्यात थेडा आणि तो दोन उन्हाळे एकमेकांच्या सायकलींच्या कॅरिअरवर बसून हिंडले होते. मग त्याला ब्रेमरहाफेनला गाळ काढणाऱ्या जहाजावर नोकरी लागली. चल म्हणाला. थेडाची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कुणी नाही. थेडा म्हणाली, थोडा थांब. तो थांबला नाही, आणि थांबायला हवं होतं असं थेडानेही कधी म्हटलं नाही. काही वर्षांनी तो परत आला तो इम्के नावाच्या हसऱ्या बायकोला घेऊन. गावात त्याने तुंबलेली गटारं आणि मोऱ्या मोकळ्या करायचा धंदा मांडला. हाताखाली माणूस नाही, एक गाडी, एक यंत्र. तोवर थेडाही रेमरची झाली होती.

त्या धंद्याची नोंद थेडाच्याच टेबलावर आली होती. तिनेच ती टाइप केली. टाइप करता करता नंबर जो पाठ झाला तो झालाच. लोकांना कविता पाठ असतात, हिला एक गटारवाल्याचा नंबर पाठ होता. भांडी घासताना, बसची वाट बघताना, तो तिच्या ओठांवर यायचा. पण फिरवला कधी नाही. दर हिवाळ्यात सगळ्या नोंदी फोन करून तपासायची पद्धत होती, त्या वेळी ती सिल्केला म्हणायची, “दिट्झुम तू घे, मी तुला वेनर देते.” वेनर मोठं गाव, तिप्पट काम. सिल्केला सौदा आवडायचा, ती कारण विचारत नसे.

तीन वर्षांपूर्वी इम्के वारली. थेडाने काळ्या कडेचं कार्ड पाठवलं, खाली ‘थेडा आणि परिवार’ असं लिहिलं, जरी परिवारात तेव्हा ती एकटीच उरली होती. फोन करायला हवा होता. केला नाही. एकदा वेळ गेली की पुढचा प्रत्येक दिवस फोन करायला आणखी अवघड होत जातो.

आणि मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सिल्के सुटी घेऊन बाल्टिकच्या किनाऱ्यावर गेली असताना, थेडाच्या पडद्यावर सूचना आली. ‘आयलर्स, ड्रेनेज, दिट्झुम. फोन नंबर बदलला आहे. वेबसाइट नवीन.’

थेडाने रिसीव्हर उचलला. नंबर बघावा लागला नाही. बोटं आपोआप एकेक बटण दाबत गेली आणि शेवटच्या आकड्यापाशी थांबली. तो उचलेल. ‘आयलर्स’ म्हणेल. मग काय बोलायचं? इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर तुमचा नंबर बदलला का? तिने रिसीव्हर खाली ठेवला. छाती धडधडत होती, आणि वयाच्या या टप्प्यावर आपली छाती अशी धडधडते याचीच तिला लाज वाटली.

मग तिने तेच केलं जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला खडसावलं असतं. बाकीच्या डिरेक्टऱ्या उघडल्या. तीन ठिकाणी नवा नंबर. फोनमधल्या नकाशावर पाहिलं, तिथेही तोच. चार ठिकाणी एकच नंबर आहे म्हणजे खराच असणार, असं तिने स्वतःला समजावलं. या डिरेक्टऱ्या एकमेकींचं बघून लिहितात, एकीकडे खोटं शिरलं की चारही जणी तेच घोकतात, त्याला चार साक्षी म्हणत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी समजावलं. आणि मग नव्या नंबरावर फोन केला. नंबराच्या आधीचा गावाचा कोडसुद्धा इथलाच होता. पण इथल्या कोडचा नंबर विकत घेऊन फोन कुठेही वळवता येतो.

“ड्रेनेज सेवा, नमस्कार. काय अडचण आहे?” पलीकडे एक तरतरीत माणूस.

“आयलर्स का?”

“हो, आयलर्सच. आपला पिन कोड सांगता का?”

“आयलर्ससाहेब आहेत?”

“ते कामावर बाहेर आहेत. काय तुंबलंय? स्वयंपाकघर की संडास?”

“काही नाही. नंबर बदलला ना, तेवढं विचारायचं होतं.”

“हो हो, बदललाय.”

खरा कारागीर फोन उचलताना आपलं नाव सांगतो. हा नाव ऐकून घेऊन मग ‘हो’ म्हणाला, कारण त्या एका फोनवर कोण जाणे किती धंद्यांची नावं चालत असतील. हे थेडाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण हाब्बो फोनवर नव्हता, एवढं ऐकूनच तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने ‘फोनवर खात्री केली’ या चौकोनात खूण केली आणि खाली आपल्या नावाची आद्याक्षरं टाकली.

उन्हाळा गेला, पानगळ झाली. नोव्हेंबरात एके सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला आणि येमगुम गावच्या फ्राऊ बोल्सेन, म्हणजे बोल्सेनबाई, धापा टाकत आत शिरल्या. चहाचा कप पुढे केला तर तोही बाजूला सारला.

“चहा नको! आधी सांगा, तुम्ही डिरेक्टरीत दरोडेखोरांचे नंबर छापता का?”

“काय झालं फ्राऊ बोल्सेन?”

“मार्टिनीच्या सणाला हंस भाजला. चरबी मोरीत गेली. गेली तर गेली, माझी चूक. नातीने फोनवर शोधून दिलं, आज्जी, हे बघ, आयलर्स. म्हटलं हाब्बो ना, आपलाच आहे. आले दोन राक्षस! गाडीवर नाव नाही, नंबराची पाटी कुठल्या लांबच्या जिल्ह्याची. तारा घातल्या, काढल्या, आणि म्हणे आत्ताच्या आत्ता कार्डावर पैसे. माझं महिन्याचं पेन्शन गेलं हो! आणि मोरी? मोरी तुंबलेलीच!”

“हाब्बो होता त्यांच्याबरोबर?”

“तो कशाला येतोय! माणसं पाठवली. इम्के गेली आणि माणूस बिघडला, दुसरं काय. मी आमच्या भजनी बायकांत सगळ्यांना सांगितलंय, आयलर्सला बोलावू नका म्हणून.”

हाब्बो तसा नव्हता. तो कसा होता, कसा नव्हता, हे सांगायचा थेडाला काही अधिकार उरला नव्हता, पण तसा नव्हता.

“तुमच्या तळघरात त्याने पूर्वी काम केलंय?”

“नळी त्यानेच तर बसवली. वर स्टिकरही चिकटवून गेलाय. पण या गुडघ्यांनी तळघरात कोण उतरणार?”

थेडाने बोल्सेनबाईंच्या शेजारणीला फोन लावून तळघरात पाठवलं. शेजारणीने स्टिकरवरचा नंबर वाचून दाखवला. थेडा तो तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होती. एकही आकडा वेगळा निघाला नाही.

स्टिकर तर जुना. नंबर नंतर बदलला असेल, असं अजून म्हणता आलं असतं. म्हणून थेडाने आता ते काम केलं जे उन्हाळ्यात करायला हवं होतं. तिने नाव शोधलं नाही, नवा नंबरच शोधला. तोच नंबर एम्डेनच्या एका वायरमनच्या नावाखाली सापडला आणि पापेनबुर्गच्या एका कुलूपवाल्याच्याही. नव्या वेबसाइटवर तळाशी मालकाचं नाव आणि पत्ता देणं कायद्याने लागतं. तिथे माणसाचं नाव नव्हतंच, आणि पत्ता ऱ्हाइनकाठच्या एका शहरातला. तो नकाशावर पाहिला तर पार्सल घ्यायचं दुकान. नकाशावर आयलर्सची पोटभर स्तुती करणारे लोक दिसले. त्यांच्या नावांवर बोट ठेवून पाहिलं तर हेच लोक त्याच आठवड्यात ट्रिअर, कासेल आणि आउग्सबुर्गच्या गटारवाल्यांचीही तशीच स्तुती करून आले होते. माणसाच्या घरातल्या मोऱ्या एका आठवड्यात चार गावांत तुंबत नाहीत.

नंबर आधी नकाशावर बदलला होता, वसंतात. तिथून तो एका डिरेक्टरीत गेला, तिथून दुसरीत, आणि शेवटी थेडाच्या दारात येऊन उभा राहिला. बाकी ठिकाणी यंत्रांनी तो आत घेतला होता. इथे माणसाने घेतला.

सिल्के मागे येऊन उभी होती. “कुणी मंजूर केलं हे?” असं म्हणत ती वाकली आणि तिला थेडाची आद्याक्षरं दिसली.

“जुन्या नंबरावर केला होतास ना?”

“नाही.”

“तू? थेडा, तू?”

“नाही केला म्हणतेय ना!”

सिल्केने जास्त ताणलं नाही. रिसीव्हरकडे हात नेत म्हणाली, “सरक. मी करते. नाहीतरी दिट्झुम माझंच आहे.”

“नको,” थेडा म्हणाली. “हा मी करते.”

या वेळी शेवटचा आकडाही दाबला. बराच वेळ वाजलं. मग कुणीतरी घसा खाकरला.

“आयलर्स.”

आवाज म्हातारा झाला होता. तो पुन्हा ऐकायची थेडाची तयारी होती, तो म्हातारा झालेला असेल याची नव्हती. जे ऐकायची आस धरून ती इतकी वर्षं बसली होती, ते तिच्या नकळत कुठेतरी संपून गेलं होतं, आणि जे उरलं होतं त्यासाठीही तिचे डोळे भरून आले.

“आयलर्ससाहेब, डिरेक्टरीच्या कचेरीतून बोलतेय. तुमच्या नोंदीबद्दल. तुम्ही फोन नंबर बदललाय का?”

“बदलला असता तर हा कसा उचलला असता?”

“तेच. दुसऱ्या कुणीतरी तुमच्या नावावर नंबर घातलाय. नकाशावर आणि आमच्याकडेही. मला तुमची नोंद—”

“थांबा, थांबा बाई. मागच्या महिन्यात असाच एकाचा फोन आला होता. नकाशावाल्या कंपनीकडून म्हणे. तुम्हाला एक कोड येईल, तो वाचून दाखवा म्हणाला. मी म्हटलं, कोड मला येणार असेल तर तुला कशाला हवा? आपटला मी फोन. आता तुम्ही कशावरून डिरेक्टरीवाल्या?”

थेडाला एक वाक्य बोलता आलं असतं. तिचं नाव. पण नाव काय, कुणीही सांगू शकतो.

“बरोबर बोलताय,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोन ठेवा. तुमच्याकडे आमचं छापील पुस्तक असेल, त्याच्या पहिल्या पानावर कचेरीचा नंबर आहे. त्यावर फोन करा, आणि नोंदी तपासणाऱ्या बाई द्या म्हणा.”

“तेच करणार होतो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग फोन येईना. सिल्केने खिडकीतल्या झाडाला पाणी घातलं, ते ओसंडून वाहिलं, तरी घालत राहिली. तो कशाला करेल, असं थेडाला वाटायला लागलं. आपल्या नावाने कुणी चोरी करतंय असं एका परक्या बाईने सांगितलं, तर माणूस दार लावून बसेल. आणि तेच बरं, असंही एका कोपऱ्यात वाटलं. शेवटी बाहेरच्या खोलीतून रिसेप्शनच्या बाईचा आवाज आला, “कुणी आयलर्स आहेत, देऊ का?”

“हं,” हाब्बो म्हणाला. “पुस्तक माळ्यावर होतं. शिडी आणावी लागली. नंबर तुमचा खरा निघाला. आता नाव सांगा बघू.”

“थेडा.” आणि मग, “थेडा उपहोफ.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“मघाशी का नाही सांगितलंस?”

“मघाशी ते कुणीही सांगितलं असतं.”

तो हसला. हसणं तेवढं म्हातारं झालं नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. वसंतापासून फोन जवळजवळ बंदच पडला होता. जुनी दोनचार माणसं सोडली तर कुणी बोलावेना. बाजारात लोक नजर चुकवायचे. “फोन इम्के उचलायची ना,” तो म्हणाला. “मला वाटलं, लोकांना तिचाच आवाज आवडायचा. ती गेल्यावर दोनेक वर्षं चालवून घेतलं, पण ती नाही तर माझं काय काम. मग वाटलं, वय झालं, दिसतंच ना लोकांना. गाडी विकायला काढलीय. शनिवारी एक जण बघायला येतोय.”

“विकू नकोस.”

“आता काय ठेवून?”

“हाब्बो, लोक तुला फोन करताहेत. रोज करताहेत. ते फोन दुसरीकडे जाताहेत, एवढंच. विकू नकोस. शनिवारी मी येते. नकाशावरची नोंद तुझ्या ताब्यात घ्यावी लागेल, त्याला तुझा व्हिडिओ लागतो. तू एकटा नाही काढू शकणार.”

हे खरं होतं. आणि ते खरं आहे याचा थेडाला इतका आनंद झाला की तिने तो सिल्केपासून लपवायला खाली मान घातली.

त्याच दुपारी तिने कचेरीची नोंद जुन्या नंबरावर आणली, आणि मालकाशी जुन्या नंबरावर बोलल्याशिवाय ती पुन्हा बदलू नये असं कुलूप घातलं. बाकीच्या तिन्ही डिरेक्टऱ्यांना वेगवेगळं लिहिलं, एम्डेनच्या आणि पापेनबुर्गच्या खऱ्या कारागिरांना कळवलं. बोल्सेनबाईंना पोलिसांकडे जायला सांगितलं. बाई जाता जाता म्हणाल्या, “मग भजनातल्या बायकांना आता काय सांगू?”

“जे आधी सांगितलंत त्याच्या दुप्पट मोठ्याने सांगा, की हाब्बो तो नव्हताच.”

शनिवारी बांधावरून वारा सुटला होता आणि मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. हाब्बो अंगणात गाडीपाशी वाट बघत होता. गाडी बघायला येणाऱ्याला त्याने नको म्हणून कळवलं होतं, निदान या आठवड्यापुरतं. तो बारीक झाला होता, केस पांढरे. थेडाला हात पुढे करावा की नाही कळेना, त्यालाही कळेना, शेवटी दोघांनी एकदमच ‘मॉइन’ असा तिकडचा नमस्कार केला.

“काय करायचं मी?”

“व्हिडिओ न थांबवता सलग काढायचा असतो. आधी रस्ता आणि घराचा नंबर. मग तुझी पाटी. मग गाडीवरचं नाव, मग यंत्र. आणि शेवटी वर्कशॉपचं दार तू तुझ्या किल्लीने उघडायचंस. परका माणूस बाहेरून पाटी दाखवू शकतो, दार उघडू शकत नाही.”

“आणि हे कोण बघणार?”

“नकाशावाल्यांचा कुणीतरी. काही दिवस लागतील.”

हाब्बोने आपला फोन तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं आणि तो चालायला लागला. रस्त्यावरून फाटकापर्यंत, फाटकातून गाडीपर्यंत. थेडा मागे मागे. त्याच्याकडे इतका वेळ, इतकं उघड, कुणाला काही न सांगता बघण्याची सोय तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. त्याचा डावा खांदा थोडा खाली झुकला होता, यंत्र ओढून ओढून. तरुणपणापासूनची मानेवरची बारीक खाच मात्र अजून होती. त्याने पाटीवरची धूळ बाहीने पुसली, जणू कुणी पाहुणाच बघणार आहे. गाडीचं मागचं दार उघडून यंत्राच्या तारेवर हात ठेवला. मग किल्ल्यांचा जुडगा काढला, दार उघडलं आणि वळून म्हणाला, “झालं?”

“झालं,” थेडा म्हणाली, आणि तरीही फोन आणखी जरा वेळ तसाच धरून राहिली.

स्वयंपाकघरात त्याने चहा केला. कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला तेव्हा ती तडकली, मग सायीचा थेंब कडेने सोडला. तिकडच्या रीतीप्रमाणे दोघांनी ढवळला नाही. भिंतीवर इम्केचा फोटो होता, हसरा. थेडाने त्याच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली, कार्डाबद्दल आणि इतर सगळ्याबद्दल. दुसरा कप ओतताना हाब्बो म्हणाला, “एक कळलं नाही. नकाशावर कुणीही काही घालतं, ते समजलं. बाकीच्यांनी त्यांचं बघून लिहिलं, तेही समजलं. पण तुमच्याकडे? रिसेप्शनच्या बाई मला त्या दिवशी सांगत होत्या, आम्ही आधी जुन्या नंबरावर विचारतो म्हणून. माझा फोन तर वाजला नाही.”

थेडाने कप बशीत ठेवला. तिच्याजवळ उत्तरं होती. सुटीचे दिवस होते, सिल्के नव्हती, काम साचलं होतं. यातलं एकही खोटं नव्हतं.

“तो बदल मी मंजूर केला,” ती म्हणाली. “माझ्यामुळे तुझा फोन बंद पडला. लोक तुला चोर म्हणाले ते माझ्यामुळे. मी त्या नव्या नंबरावर विचारलं आणि खूण केली.”

हाब्बो किटली हातात धरून तसाच उभा राहिला. रागावेल असं तिला वाटलं, आणि त्याला तो हक्क होता. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

“पण थेडा, माझा नंबर तर तुला ठाऊक होता?”

“पाठ आहे.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“कारण तू उचलला असतास.”